भाताच्या हमीदरातला फरक नक्की कोणाच्या खिशात जातो? (बिलासकट हिशेब)

वायंगण_पेडणे
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मला त्याचे सरळ उत्तर मिळत नाही. पावसाळी भात, वाण ज्योती, जमीन ४००० चौरस मीटर. मशीनने कापणी केली आणि भात त्याच दिवशी गिरणीवर नेले. काट्यावर १६०० किलो भरले. गिरणीने 'भात ओले आहे' म्हणून क्विंटलमागे १० किलो कट घेतला आणि वर दरही १५.५० लावला. कोरड्या भाताला तिथेच १७ चालू होता. बिल झाले १४४० किलो × १५.५०, म्हणजे २२,३२० रुपये. हमीदराचा फरक गोव्याच्या कृषी खात्याकडून बँकेत येणार आहे. शेजारी म्हणतात, "तुला काय, सरकार भरून देतंय ना, गप्प बस." भरून मिळते हे खरेच, पण यात काहीतरी गडबड आहे असे वाटते. नेमके नुकसान कोणाचे झाले?

खर्चही लिहितो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. चिखलणी ४,५००, बियाणे १,०००, यंत्राने लावणी ५,०००, खत २,५००, तण ३,०००, मशीन कापणी ३,५००, वाहतूक १,५००. एकूण २१,०००. घरच्यांची मजुरी यात धरलेली नाही.

पडीक_नको
गिरणीवाल्याने कायदा मोडला आहे. केंद्राचा हमीभाव २०२५-२६ साठी साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये आहे, म्हणजे किलोला २३.६९. त्याच्या खाली खरेदी करणे गुन्हा आहे. तक्रार ठोका.

हिशेबनीस
आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. भाताचा हमीभाव हा कायदा नाही, ती सरकारने स्वतःपुरती दिलेली हमी आहे. या दराला खरेदी करायला आम्ही उभे राहू, एवढाच त्याचा अर्थ. खासगी गिरणीवर त्या दराचे कसलेही बंधन नाही. जिथे खरेदी केंद्र उभे राहते आणि महिनाभर वजनकाटा चालतो, तिथेच तो दर खरा होतो. पंजाब-हरियाणात तसे होते. गोव्यात केंद्रासाठी भात उचलणारी ती यंत्रणाच नाही, म्हणून २३.६९ हा आपल्याकडे नुसता वर्तमानपत्रातला आकडा आहे. २०१५ साली शांता कुमार समितीने देशपातळीवर हेच मोजले होते. सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के निघाले.

कायद्याने बंधनकारक दर एकाच पिकाला आहे, तो म्हणजे ऊस. पण त्याची गोष्ट वेगळी, ती कोणी सांगे तालुक्यातला ऊसवाला सांगेल.

गोव्यात चालतो तो राज्याचा दर. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात भात २० वरून २२ रुपये किलो, नारळ १२ वरून १५ रुपये नग आणि काजू १२५ वरून १५० रुपये किलो केला होता. चालू हंगामाचा दर आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या. मी खाली २२ धरून हिशेब करतो, आकडा बदलला तरी रीत तीच राहते. या योजनेत सरकार माल उचलत नाही. तुम्ही गिरणीला किंवा संस्थेला विकता, बिल घेता, कृषी कार्डासह कार्यालयात देता, आणि बिलावरचा दर व हमीदर यांतला फरक खात्यात जमा होतो.

आता वायंगण भाऊंचा हिशेब. आधी ओलावा. मशीनने कापून थेट नेलेले पावसाळी भात साधारण २२ टक्क्यांच्या आसपास असते, असे धरू. साठवायला १४ हवे. १६०० किलोचे १४ टक्क्यांवर वजन किती? सूत्र हे:

```
कोरडे वजन = ओले वजन × (100 − आताचा ओलावा) ÷ (100 − हवा तो ओलावा)
1600 × (100 − 22) ÷ (100 − 14) = 1600 × 78 ÷ 86 = 1451
```

म्हणजे खरी घट १४९ किलो, क्विंटलमागे ९.३. गिरणीने १० घेतले. एवढे चालते, धूळ-पळंज त्यातच आली. पण वजनात घट घेतल्यावर उरलेले १४४० किलो हे *कोरडे* भात समजले जाते. त्याला १७ च लागायला हवा. त्यांनी वजनातही कापले आणि दरातही. एकाच पाण्याचे पैसे दोनदा घेतले.

आता कोणाचे गेले ते पाहा. योग्य बिल १४५१ × १७ = २४,६६७ झाले असते आणि सरकारचा फरक ५ रुपयांनी ७,२५५. तुमच्या हाती ३१,९२२. प्रत्यक्ष बिल २२,३२०, फरक ६.५० रुपयांनी ९,३६०, हाती ३१,६८०. तुमचे गेले फक्त २४२ रुपये. सरकारचे जादा गेले २,१०५. गिरणीचे वाचले २,३४७. म्हणून शेजारी गप्प बस म्हणतात, आणि म्हणूनच गडबड आहे.

वायंगण_पेडणे
म्हणजे मी भांडलो असतो तर मला २४२ रुपये मिळाले असते, आणि त्यासाठी गिरणीशी वाकडे घेतले असते. आता कळले की रांगेत कोणीच का बोलत नाही.

हिशेबनीस
हेच. फरक बिलावरून मोजला की शेतकऱ्याला घासाघीस करण्याचे कारणच उरत नाही. गिरणीने १७ दिले काय आणि १४ दिले काय, त्याच्या हाती २२ च. बाजारभाव वर ओढणारा माणूस बाजारातून निघून जातो. हा या पद्धतीतला मूळ दोष आहे, कोणा एका गिरणीचा नव्हे.

मध्य प्रदेशात २०१७ च्या खरिपात भावांतर योजना आणली, तिथे हे टाळायला फरक स्वतःच्या बिलावरून न काढता बाजारांच्या सरासरी भावावरून काढला. सरासरीपेक्षा कमी भावाला विकले तर तेवढा तोटा स्वतःचा, त्यामुळे निदान सरासरीपर्यंत तरी घासाघिशीला अर्थ राहतो. पण तिथे दुसरेच झाले. योजनेची मुदत ठरलेली, म्हणून सगळा माल त्याच आठवड्यांत बाजारात आला आणि सोयाबीन-उडदाचे भाव पडले. ज्याला सरासरीपेक्षा कमी मिळाले त्याचा तोटा भरून निघाला नाही.

गिरण_कामगार
एका बाजूनेच लिहिताय, म्हणून गिरणीच्या बाजूचे चार शब्द. सप्टेंबर-ऑक्टोबरात एका दिवशी दहा-बारा ट्रॅक्टर येतात. बाहेर पाऊस. ओले भात ढिगात एक रात्र राहिले की तापते, हात आत घातला तर चटका बसतो. दुसऱ्या दिवशी दाणा पिवळा पडायला लागतो, तिसऱ्या दिवशी वास येतो. तो तांदूळ कोणी घेत नाही. वाळवायला फरशी किंवा ड्रायर लागतो, मजूर लागतात. दरातली कपात पाण्याची नाही, वाळवणीच्या खर्चाची आणि जोखमीची आहे.

दुसरे, गोव्यात ज्योती बहुतेक उकड्यालाच जाते. उकडताना भात भिजवतातच. त्यामुळे लगेच टाकीत जाणार असेल तर २२ टक्के ओलावा अडत नाही. पण टाकी रोज ठरावीकच भरते. बाकीचे साठवायचे तर १४ लागतेच.

हिशेबनीस
रास्त मुद्दा. पण मग बिलात तसे लिहा: वजन १४५१, दर १७, वाळवणी खर्च वजा इतके. वाळवणीचे नाव 'दर' ठेवले की तो खर्च हमीदराच्या फरकात शिरतो आणि सरकार भरते. मग कोरडे भात आणणाऱ्याला काय मिळाले? त्याने चार दिवस अंगण अडवले, ताडपत्री खर्ची घातली, त्याच्याही हाती २२ च.

उलटा प्रकारही होतो. कट न घेता पूर्ण ओल्या वजनाला कमी दर लावला, १६०० × १५.५०, तर फरकासह शेतकऱ्याच्या हाती ३५,२०० येतात. वाळवून नेणाऱ्याला ३१,९२२. म्हणजे पाणी विकणाऱ्याला सव्वातीन हजार जादा. किलोवर फरक देणाऱ्या कुठल्याही योजनेत वजन कुठल्या ओलाव्याला मोजायचे हे छापील असायला हवे. केंद्राच्या खरेदीत ती मर्यादा १७ टक्के आहे.

गिरण_कामगार
वाळवणी खर्च वेगळा दाखवला तर शेतकरी म्हणतो, तुम्ही माझे पैसे कापले. दर कमी लावला तर काही बोलत नाही. आम्ही काय करावे?

भेंडी_कोरगाव
माझा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. फलोत्पादन महामंडळाला भाजी देतो, त्यांचा दर आठवड्याला बदलतो. मलाही फरक मिळेल का? भेंडी आणि वाल आहेत.

कोरगुट_खाजन
ताई, ती वेगळी गोष्ट. महामंडळ स्वतः माल घेते आणि स्वतः दुकानांतून विकते. हमीदराच्या फरकाची योजना भात, काजू, नारळ, सुपारी असल्या पिकांसाठी. भाजीचे काय ते विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या.

भेंडी_कोरगाव
बरे. मग भातापेक्षा भेंडीच बरी म्हणायची, पैसे तरी लवकर येतात.

कोरगुट_खाजन
तुम्ही हसत हसत खरा मुद्दा काढलात. वर हिशेबनीसांनी ३१,६८० लिहिले, पण त्यातले ९,३६० नंतर येतात. किती महिन्यांनी ते अर्ज कधी दिला, कागद पुरे होते का आणि निधी सुटला का यावर. पेरणी ठरवणारा माणूस कापणीच्या दिवशी हातात पडलेलाच आकडा लक्षात ठेवतो. वायंगण भाऊंचा त्या दिवशीचा हिशेब २२,३२० वजा २१,०००, म्हणजे १,३२० रुपये. चार महिने चिखलात राबून. पुढच्या वर्षी शेत ठेवायचे की पडीक सोडायचे हे तो या आकड्यावर ठरवतो, २२ वर नाही. उशिरा येणारा हमीदर उत्पन्नात मिळतो, पण पीक निवडताना तो मोजलाच जात नाही.

आमच्याकडे खाजनात कोरगुट आहे. खारे पाणी सोसते, उतारा कमी. त्याचा तांदूळ घरगुती गिऱ्हाईक जास्त दराने नेते, गिरणीवर भात म्हणून घालायची वेळच येत नाही. त्यामुळे आम्हाला हमीदर असून नसल्यासारखा. खाजनाचा खरा प्रश्न बांध आणि मानशीचा, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या दाराचा. मानस गळली की शेतात खारे पाणी, आणि मग २२ असो की ३०, कापायला काहीच नाही.

पडीक_नको
मग हमीदर ३० करा! बघा कसे पडीक शेत हिरवे होते. लोक भात सोडून काजूकडे का गेले? काजूला १५० केला म्हणून.

बोंडू_सत्तरी
काजूवाला म्हणून बोलतो. अर्धे बरोबर. भात सोडून काजू *त्याच शेतात* कोणी लावला नाही, लावता येतही नाही. काजूच्या मुळात पाणी साचले की झाड मरते. खालची शेती पडीक पडली ती पडीकच राहिली, गवत आणि नंतर बांधकामवाल्यांची नजर. काजूने खाल्ली ती डोंगर-उतारावरची जागा, जिथे पूर्वी कुमेरीत नाचणी, वरी, पाखड असायची.

आता गंमत बघा. नाचणीचा केंद्राचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,२९० होता, २०२५-२६ ला ४,८८६. एका वर्षात ५९६ रुपये वाढ. भाताची त्याच वर्षीची वाढ ६९. कागदावर तर सगळ्यांनी नाचणीकडे धावायला हवे. सत्तरीत कोणी धावले का? नाही. तिथे नाचणीचा काटा लावून कोणी बसलेला नाही, आणि काजूचा आडतदार दारात येतो.

माझा काजूचा हिशेब देतो, त्याच ४००० चौरस मीटरचा, म्हणजे तुलना होईल. ७ बाय ७ मीटरवर ८१ कलमे बसतात. झाड चार किलो बी देते असे धरले तर ३२४ किलो. बाजार ११५ असला तर हमीदर १५० धरून फरक ३५ रुपये, एकूण ११,३४०. सगळे मिळून ४८,६००. खर्च भाताच्या मानाने फारच थोडा, साफसफाई, थोडे खत, वेचणी. आणि बोंडू वेगळा: हुर्राक, फेणीचे पैसे हमीदराच्या हिशेबात येतच नाहीत. म्हणून लोक काजूकडे गेले ते मजुरीमुळे आणि बोंडूमुळे, १५० मुळे नाही. १५० नसता तरी गेले असते.

हिशेबनीस
बोंडू, तुमच्या हिशेबात एक भर. कलम लावले की तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे बी विकण्याजोगे पडते. म्हणजे आज दर वाढवला तरी त्याचा लागवडीवर परिणाम दिसायला चार वर्षे. भातात तो पुढच्याच पावसात दिसायला हवा. दर वाढूनही भाताचे शेत परत लागत नसेल, तर अडचण दरात नाही, दुसरीकडे आहे.

आणि काजूचा दर बाहेर ठरतो. गोव्यातल्या प्रक्रियावाल्यांना आफ्रिकेतले बी उपलब्ध आहे. गोव्याचे बी कितीही गोड असले तरी ११५ चा भाव तिकडच्या आवकेवर हलतो. सरकारचा भार कुठल्या वर्षी किती पडेल हे त्यामुळे आधी सांगता येत नाही. बाजार १५० च्या वर गेला तर योजना त्या वर्षी झोपलेली.

पडीक_नको
मग "दुसरीकडे" म्हणजे कुठे? सगळे इकडून तिकडे टोलवताहेत.

कोरगुट_खाजन
नमुना एक-चौदाच्या जमिनीच्या उताऱ्यात. जमिनीचे मालक मुंबईत किंवा बाहेर, नावे आजोबांची, वाटणी नाही. कसायला तयार असलेला माणूस शेजारी आहे, पण मालक तोंडी करारावरही देत नाही. का? १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती. कसणाऱ्या कुळाला मालकी मिळाली, हे मालकांच्या डोक्यातून जात नाही. शेत दिले तर उद्या नाव लागेल ही भीती. म्हणून पडीक ठेवणे त्यांना सुरक्षित वाटते, आणि पडीक ठेवायला खर्च काही नाही.

आणि दिले तरी हमीदराचे काय? कृषी कार्ड मालकाच्या नावाचे, भात विकले कसणाऱ्याने, बिल कसणाऱ्याच्या नावाचे. कार्यालयात नावे जुळत नाहीत आणि अर्ज थांबतो. जो खरोखर कसतो त्याला १५.५० च मिळतात. हमीदर ३० केला तरी त्याला १५.५० च. दर वाढल्याचा फायदा फक्त स्वतःच्या नावावर जमीन असून स्वतः कसणाऱ्यालाच.

वायंगण_पेडणे
माझ्या बाबतीत कार्ड वडिलांच्या नावाचे आहे, बिल माझ्या नावाचे झाले. अडकेल का?

कोरगुट_खाजन
अडकण्याची शक्यता भरपूर. गिरणीकडे लगेच जाऊन बिल कार्डधारकाच्या नावाने बदलून मागा, मागच्या तारखेने नको, त्याच तारखेने दुरुस्ती म्हणून. खातेही त्यांचेच द्या. पुढच्या वर्षी काट्यावर उभे असतानाच नाव सांगायचे.

बोंडू_सत्तरी
आणि बिलावर सर्वे नंबर, वाण, ओलावा, एकूण वजन, कट आणि निव्वळ वजन हे सगळे लिहायला सांगायचे. नुसते 'भात १४४० किलो' लिहिले की नंतर भांडायला हातात काही राहत नाही.

सांगे_ऊस
ऊसवाल्याला कोणीतरी बोलावले होते वाटते. उसाला एफआरपी, म्हणजे ऊस नियंत्रण आदेश १९६६ खाली कारखान्यावर बंधनकारक दर, आणि पैसे १४ दिवसांत. २०२५-२६ चा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. सगळ्या पिकांत सर्वांत भक्कम हमी. आणि गोव्यात तिचे काय झाले? संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद. राज्यात एकच कारखाना होता. कारखानाच नाही, मग बंधन कोणावर?

वर कोणी पीक बदलण्याची गोष्ट केली म्हणून सांगतो. ऊस तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळला नाही तर साखर उतरते, वजनही घटते. बाहेरच्या राज्यात पाठवायचा तर घाटातून वाहतूक, तिकडच्या कारखान्याला त्यांचा स्वतःचा ऊस आधी. सरकारने पुढची काही वर्षे उत्पादकांना मदत दिली. पण ती मदत उसासाठी होती की ऊस सोडण्यासाठी, हे शेवटपर्यंत स्पष्ट नव्हते. कोणी केळी लावली, कोणी भाजी, कोणी ऊस तसाच ठेवला. मला विचाराल तर दराची हमी असावी की गिऱ्हाइकाची, यात मी गिऱ्हाइकाची घेईन.

पडीक_नको
म्हणजे सरकारने काटा लावून भात घ्यावे हेच मी म्हणत होतो!

हिशेबनीस
तुम्ही गुन्हा म्हणत होतात. पण असो, आता जे म्हणता त्यावर विचार करण्यासारखे आहे. सरकारने स्वतः घेतले तर गोदाम, ड्रायर, गिरणीकडून दळून घेणे आणि तो उकडा तांदूळ खपवणे हे सगळे आले. राज्याचे एकूण विक्रीचे भात थोडे आहे आणि एकेका शेतकऱ्याकडे पाच-दहा क्विंटल. केंद्रे पंधरा ठेवली तर प्रत्येकात दिवसाला दोन गाड्या आणि महिन्याचा पगार. फरक देणे स्वस्त पडते, म्हणून सरकार ते करते. पंजाबात काटा लावला, तर जिथले लोक चपाती खातात तिथे भाताखाली जमीन वाढली आणि भूजल खाली गेले. इथे तो धोका नाही, इथला धोका उलटा आहे.

एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही, ती लिहितो. वायंगण भाऊंच्या १४५१ किलो कोरड्या भाताचा ६५ टक्के उतारा धरला तर ९४० किलोच्या आसपास तांदूळ. २२ रुपयांच्या भाताचा अर्थ तांदूळ ३४ रुपये किलो पडला, वर दळणावळ. बाजारात उकडा तुम्ही कितीला घेता? घरी खायला ठेवलेल्या भाताला कुठलाच हमीदर मिळत नाही, तरी तोच भाग सर्वांत जास्त किमतीला जातो. गोव्यात बरीचशी शेती यावर टिकली आहे, हमीदरावर नाही. म्हणून ज्यांच्याकडे गिऱ्हाईक आहे त्यांनी वर्षाचे घरचे आणि ओळखीच्यांचे भात बाजूला काढून, उकडून, तांदूळ म्हणून विकावे. उरलेलेच काट्यावर न्यावे.

गिरण_कामगार
त्यालाही १४ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागते आणि पोत्यात किंवा कणगीत टोके लागू नये म्हणून सांभाळावे लागते. जूनपर्यंत राहते, पुढे पावसाची हवा लागली की गडबड. आणि हमीदराचा अर्ज करायचा तर तांदळाच्या बिलावर होत नाही, भाताचेच बिल लागते.

सांगे_ऊस
हिशेबनीस, ते किलोऐवजी क्षेत्रावर पैसे दिले तर? कापलेल्या शेताला हेक्टरी ठरावीक. ओलावा, कट, बिल, सगळी भानगड संपते. घरी खाणाऱ्यालाही मिळते.

हिशेबनीस
मी पूर्वी याच्या बाजूने होतो, आता नक्की सांगू शकत नाही. क्षेत्रावर दिले की लावलेले दाखवून कापलेच नाही असे होते, पाहणीला माणूस लागतो. आणि दोन टन काढणारा आणि चार टन काढणारा एकाच ओळीत. किलोवर दिले तर पाणी विकले जाते. दोन्हींत चोरी आहे, फक्त जागा वेगळी.

कोरगुट_खाजन
क्षेत्रावर दिले तर खाजनवाल्याला तरी काही मिळेल. पण पुन्हा ते नाव कोणाचे, तेच. मालक पैसे घेईल आणि शेत पडीक ठेवील, अशी सोय आपण करून ठेवू.

वायंगण_पेडणे
आज गिरणीवर गेलो. नाव दुरुस्त करून दिले, त्याला हरकत नव्हती. 'दर १७, वाळवणी वजा' असे लिहायला सांगितले तर म्हणाले, छापील पावतीत तो रकानाच नाही. ओलावा विचारला तेव्हा मीटर काढून दाखवला, पण माझे भात कधीच टाकीत गेलेले, मोजले ते दुसऱ्याचे. १९ आले. तो माणूसही तिथेच उभा होता आणि त्याच्याही बिलावर १० चा कट आणि १५.५० च. १९ ला खरी घट किती येते, हिशेबनीस?

हिशेबनीस
१०० × ८१ ÷ ८६ = ९४.२. म्हणजे क्विंटलमागे ५.८ किलो. त्याचे चार किलोपेक्षा जास्त उगाच गेले आणि दरातले दीड रुपयेही. त्याला म्हणावे, कापणीनंतर पेंढा-पळंज पाखडून, सावलीत पसरून एक दिवस ठेवून मगच ने, आणि मीटरचा आकडा बिलाच्या मागे पेनाने लिहून सही घे. छापील रकाना नसला तरी मागची बाजू कोरीच असते.